ग्रहणाच्या दोन सावल्या: उपच्छाया आणि प्रच्छाया जमिनीवरून कशा ओळखायच्या

सूर्यग्रहणाच्या नकाशावर खग्रास पट्ट्याच्या जरा बाहेर ‘९९ टक्के’ असा आकडा दिसला की पुष्कळांना वाटतं, उरलेल्या एका टक्क्यासाठी कुठे धावपळ करायची? हा प्रश्न ज्यांच्या मनात येतो त्यांच्यासाठीच हा लेख आहे. त्या ९९ टक्क्यांच्या गावात उभा असलेला माणूस चंद्राच्या उपच्छायेत असतो. तिथून पन्नासेक किलोमीटरवर उभा असलेला दुसरा माणूस प्रच्छायेत असतो. पहिल्याला जरा मलूल झालेला दिवस दिसतो. दुसऱ्याला भर दिवसा काळवंडलेलं आकाश, सूर्याभोवती पसरलेला प्रभाकिरीट आणि चहूबाजूंच्या क्षितिजांवर एकाच वेळी उतरलेली संध्याकाळ दिसते. मधलं अंतर एका टक्क्याचं दिसतं, पण जमिनीवरून बघणाऱ्यासाठी ती दोन वेगळी ग्रहणं असतात.

प्रच्छाया म्हणजे सावलीचा असा भाग, जिथून सूर्याचा एकही ठिपका दिसत नाही. उपच्छायेतून सूर्याचा काही भाग झाकलेला आणि काही भाग उघडा दिसतो. सूर्य बिंदूएवढा असता तर उपच्छाया झालीच नसती. तो आकाशात साधारण अर्धा अंश रुंदीची तबकडी आहे, म्हणून प्रत्येक सावलीला एक मऊ काठ येतो. ग्रहणाच्या वेळी आपण या काठातून चालत नाही, काठच आपल्या अंगावरून सरकत जातो.

आधी साध्या उन्हात सावली मोजून पाहा

ग्रहणाची वाट न पाहता हे कोणत्याही स्वच्छ दुपारी करता येतं. १ सेंटिमीटर व्यासाचा मणी बारीक तारेच्या टोकाला बसवा आणि पांढऱ्या कागदावर त्याची सावली पाडा. कागद सूर्यकिरणांना काटकोनात धरा, म्हणजे सावली लांबट होणार नाही. नजर कायम कागदावरच ठेवा, मण्याच्या आडून सूर्याकडे बघू नका.

मणी कागदापासून १० सेंटिमीटरवर असताना सावली ठसठशीत काळी असते आणि भोवती जेमतेम मिलिमीटरभर करडी कड दिसते. अंतर ५० सेंटिमीटर केलंत की मधला काळा भाग आक्रसून जवळपास निम्मा होतो आणि करडी कड जाड होते. साधारण १०८ सेंटिमीटरवर काळा भाग टोकाला येऊन संपतो. त्यापुढे मणी कितीही लांब नेला तरी कागदावर एक फिकट डागच राहतो, पूर्ण काळी जागा कुठेच सापडत नाही.

हा १०८ आकडा कुठून येतो? सूर्याचं आपल्यापासूनचं अंतर त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०८ पट आहे. त्यामुळे उन्हात धरलेल्या कोणत्याही गोल वस्तूची प्रच्छाया तिच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट लांब शंकूसारखी निमुळती होत जाते. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आहे. त्याला १०८ ने गुणलं की पावणेचार लाख किलोमीटर येतात. चंद्र आपल्यापासून कधी साडेतीन लाखांच्या थोडा वर, तर कधी चार लाखांच्या पलीकडे असतो. म्हणजे त्याच्या शंकूचं टोक कधी जमिनीला लागतं, कधी हवेतच संपतं. टोक जमिनीला लागलं तर खग्रास ग्रहण, वर संपलं तर कंकणाकृती. मणी आणि कागद घेऊन हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं.

एक ग्रहण हातानं सोडवून पाहू

२ ऑगस्ट २०२७ चं खग्रास सूर्यग्रहण यासाठी फार चांगलं आहे, कारण त्याची सावली मोठी आहे आणि आकडे सुटसुटीत निघतात. हा पट्टा दक्षिण स्पेनवरून, उत्तर आफ्रिकेवरून, इजिप्त आणि सौदी अरेबियावरून सोमालियाकडे जातो. खग्रास स्थिती सर्वात जास्त वेळ टिकते ती इजिप्तमधल्या लक्झर शहराच्या परिसरात. तिथे सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे सावली बऱ्यापैकी गोल पडते.

त्या दिवशी चंद्र पृथ्वीच्या बराच जवळ आहे. लक्झरजवळच्या जमिनीपासून मोजलं तर तो सुमारे ३,५१,००० किलोमीटरवर येतो. ऑगस्टमध्ये सूर्य सरासरीपेक्षा थोडा दूर असतो, म्हणून १०८ ऐवजी १०९ धरू. चंद्राच्या प्रच्छायेचा शंकू मग ३,७९,००० किलोमीटर लांब होतो. जमीन लागते तेव्हा शंकूची २८,००० किलोमीटर लांबी अजून शिल्लक असते. तिला १०९ ने भागा, म्हणजे जमिनीवरच्या काळ्या वर्तुळाचा व्यास मिळेल: साधारण २५७ किलोमीटर. प्रसिद्ध झालेल्या गणितात या ठिकाणी पट्ट्याची रुंदी २५८ किलोमीटर दिली आहे.

उपच्छायेचा शंकू उलट पसरत जातो. त्याचा व्यास इथे सुमारे ६,७०० किलोमीटर येतो. म्हणजे प्रचंड मोठ्या करड्या चकतीच्या मध्यावर एक छोटं काळं वर्तुळ. जगाच्या नकाशावर ती चकती ठेवली तर तिच्यात अनेक देश बसतात, पण काळ्या वर्तुळात जेमतेम पाच-सहा जिल्हे.

आता वेग. चंद्राची सावली सेकंदाला साधारण १.१ किलोमीटर वेगानं पूर्वेकडे सरकते. लक्झरच्या अक्षांशावर जमीनही त्याच दिशेनं सेकंदाला ०.४२ किलोमीटर फिरते. त्यामुळे जमिनीवरून पाहताना सावलीचा वेग सेकंदाला ०.६७ किलोमीटर, म्हणजे ताशी सुमारे २,४०० किलोमीटर उरतो. २५७ ला ०.६७ ने भागलं की ३८३ सेकंद येतात: ६ मिनिटं २३ सेकंद. या ग्रहणाचा जाहीर झालेला सर्वाधिक खग्रास काळही तेवढाच आहे. ३० जून १९७३ च्या ग्रहणात कॉन्कॉर्ड विमानानं सावलीचा पाठलाग करून ७४ मिनिटं प्रच्छायेत राहून दाखवलं, ते याच गणिताच्या जोरावर. तेवढ्या वेगाचं विमान असेल तर सावलीसोबत राहता येतं.

काठापासून किती दूर, त्यावर काय दिसेल ते ठरतं

माझ्या मते टक्केवारीपेक्षा हा विचार जास्त उपयोगी आहे. लक्झरच्या जागी उभं राहा आणि प्रच्छायेचा पुढचा काठ तुमच्यापासून किती किलोमीटरवर आहे ते मोजा.

उपच्छायेचा बाहेरचा काठ तुम्हाला लागतो तेव्हा प्रच्छाया अजून सुमारे ३,२०० किलोमीटर दूर असते आणि तिला यायला ८० मिनिटं लागतात. सूर्याचं अर्धं क्षेत्रफळ झाकलं जातं तेव्हा ती साधारण १,३०० किलोमीटरवर, म्हणजे ३३ मिनिटांवर असते. ९० टक्के झाकला गेला की ३०० किलोमीटर, सुमारे आठ मिनिटं. ९९ टक्के झाकला गेला की ५० किलोमीटर, सव्वा मिनिट.

आता उजेड बघा. भर दुपारचं ऊन साधारण १,००,००० लक्स असतं. ९९ टक्के झाकल्यावरही हजाराच्या आसपास लक्स शिल्लक राहतात. एवढा उजेड दाट ढगाळ दिवशी असतो, त्यात आरामात वाचता येतं. प्रच्छायेत मात्र तो मोजक्या लक्सवर येतो, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं असतो तेवढा. आपला डोळा उजेड पटींमध्ये जोखतो: दर वेळी निम्मा झाला की त्याला एक पायरी उतरल्यासारखं वाटतं. पहिल्या ७८-७९ मिनिटांत अशा साधारण साडेसहा पायऱ्या उतरतात. शेवटच्या सव्वा मिनिटात तेवढ्याच किंवा त्याहून थोड्या जास्त. म्हणूनच ९९ टक्क्यांच्या गावाहून परतलेले लोक ‘फारसं काही झालं नाही’ असं अगदी खरं सांगतात. त्यांनी जिन्याचा वरचा अर्धा भागच पाहिलेला असतो, आणि तोही फार हळूहळू उतरत.

आणखी एक घोळ इथे नेहमी होतो. बातम्यांमधला ग्रास कधी व्यासाच्या हिशेबानं दिलेला असतो, कधी क्षेत्रफळाच्या. चंद्र आणि सूर्य सारख्या आकाराचे धरले, तर सूर्याचा अर्धा व्यास झाकला जातो तेव्हा क्षेत्रफळ फक्त ३९ टक्के झाकलेलं असतं. दोन ठिकाणांचे आकडे तुलनेसाठी घेताना दोन्ही एकाच पद्धतीचे आहेत ना, ते बघून घ्या.

जागा निवडताना

पट्ट्याच्या मध्यरेषेवरच जायला हवं असा अनेकांचा हट्ट असतो. त्याची फारशी गरज नाही. काळं वर्तुळ तुमच्या अंगावरून जाताना तुम्ही त्याची एक जीवा कापता, आणि मध्याजवळच्या जीवांची लांबी हळू कमी होते. वरच्याच उदाहरणात मध्यरेषेपासून ६४ किलोमीटर बाजूला, म्हणजे काठाच्या अर्ध्या वाटेवर गेलात तरी खग्रास स्थिती ५ मिनिटं ३२ सेकंद मिळते. फक्त ५१ सेकंद गमावली. १०० किलोमीटर बाजूला जवळपास चार मिनिटं उरतात. त्यानंतर मात्र घसरण तीव्र होते: १२० किलोमीटरवर सव्वादोन मिनिटं आणि काठाच्या एक किलोमीटर आत पाऊण मिनिट. मध्यरेषेवर ढग आणि ४० किलोमीटर बाजूला निरभ्र आकाश असा पर्याय समोर असेल तर क्षणभरही विचार न करता निरभ्र बाजूला जावं.

अगदी काठावर उभं राहायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. चंद्राची कड गुळगुळीत नाही, तिच्यावर डोंगर आणि दऱ्या आहेत. त्यामुळे प्रच्छायेचा काठही नितळ वर्तुळासारखा नसतो, तो थोडा कोनाकोनाचा असतो. नकाशावरची बारीक रेघ ओलांडली म्हणजे आत आलो, असं धरून चालू नका. निदान दोन-तीन किलोमीटर आत राहा.

सूर्य क्षितिजाजवळ असताना ग्रहण होणार असेल तर सावली तिरपी पडते आणि लांबट अंडाकृती होते. तिचा जमिनीवरचा वेगही खूप वाढतो, आणि पट्टा रुंद असूनही वेळ कमी मिळतो. वरचं गणित तिथे जसंच्या तसं लावू नका.

जागेवर पोचल्यावर सावली कोणत्या दिशेनं येणार ते आधी ठरवा. ती साधारणपणे पश्चिमेच्या बाजूनं येते. लक्झरला पट्टा आग्नेयेकडे झुकलेला असल्यानं ती वायव्येकडून येईल. त्या दिशेचं क्षितिज मोकळं हवं. थोडी उंची मिळाली, एखादी टेकडी किंवा गच्ची, तर फारच चांगलं, कारण दूरवरची जमीन आधी काळी पडताना दिसते.

सोबत काय ठेवायचं

आयएसओ १२३१२-२ मानकाचे ग्रहणचष्मे, मोठी पांढरी चादर, बारीक भोकांची चाळणी आणि मोबाइल, इतकं पुरे. चष्म्याला ओरखडा किंवा भोक आहे का ते दिव्यासमोर धरून तपासा. चष्मा घालून दुर्बिणीतून मुळीच बघू नका. दुर्बिणीनं गोळा केलेल्या उन्हापुढे तो चष्मा टिकत नाही. दुर्बिणीचा फिल्टर तिच्या पुढच्या भिंगावर बसवायचा असतो.

मोबाइल तिवईवर ठेवून सावली येण्याच्या दिशेकडे तोंड करा आणि एक्स्पोजर लॉक करून सलग चित्रण सुरू ठेवा. लॉक न केल्यास कॅमेरा अंधार पडेल तसा स्वतःच चित्र उजळवत राहतो आणि नेमकी जी गोष्ट टिपायची तीच पुसून टाकतो. आपला डोळाही हेच करतो, म्हणून लक्स मोजणारं एखादं अ‍ॅप सुरू ठेवलंत तर डोळा काय लपवतोय ते आकड्यांत दिसेल.

उपच्छायेत: पहिला तासभर

सुरुवातीला जमिनीवर काहीच दिसत नाही. ऊन तसंच असतं, सावल्या तशाच. ग्रहण सुरू झालंय हे फक्त चष्म्यातून कळतं: सूर्याच्या कडेला एक खाच. या काळात चाळणी वापरा. ती पांढऱ्या कागदापासून मीटरभर वर धरली की प्रत्येक भोकातून सूर्याची ९ मिलिमीटरची प्रतिमा पडते, आणि प्रत्येक प्रतिमेत तीच खाच, पण उलटी. भोकं दोन-तीन मिलिमीटरची हवीत. मोठी असतील तर प्रतिमा विरघळून साधे गोल ठिपके दिसतात, तेव्हा चाळणी आणखी वर न्या. दाट झाडाखालीही हेच चालू असतं: पानांमधल्या फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी सांडलेल्या दिसतात.

निम्म्याहून जास्त सूर्य झाकला गेला तरी अनेकांना फरक जाणवत नाही. साधारण पाऊण भाग झाकला गेल्यावर उन्हाला काहीतरी विचित्र होऊ लागतं. उजेड कमी झालेला असतो, पण संध्याकाळसारखा तो पिवळा-तांबूस होत नाही, आणि सावल्याही लांब होत नाहीत. सूर्य उंचावरच, सावल्या आखूड, आणि तरी ऊन फिकट, किंचित रुपेरी. आपल्या मेंदूला असा उजेड ओळखीचा नसतो, त्यामुळे नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही, पण अस्वस्थ वाटतं. उपच्छायेची मला सर्वात खात्रीची वाटणारी खूण हीच.

शेवटची दहा मिनिटं

आता स्वतःच्या हाताची सावली बघा. बोटं फाकवून हात जमिनीपासून मीटरभर वर धरा आणि मनगट हळूहळू फिरवा. एका स्थितीत बोटांच्या कडा सुरीसारख्या धारदार दिसतील, अगदी हातावरच्या केसांची सावलीही मोजता येईल. हात काटकोनात वळवलात की त्याच बोटांच्या कडा पुसट होतील. सूर्य आता तबकडी उरलेला नाही, तो एक बारीक उजळ रेघ झाला आहे. जी कड त्या रेघेला समांतर, तिची सावली धारदार. जी आडवी, तिची पसरट. साध्या दिवशी मण्याच्या सावलीभोवती सगळीकडे सारखी करडी कड होती. आता ती एका दिशेनं जवळपास नाहीशी झाली आहे आणि दुसऱ्या दिशेनं शिल्लक आहे. उपच्छाया म्हणजे काय ते हातावर पाहायचं असेल तर याहून चांगली संधी नाही, आणि ९५ टक्क्यांच्या गावातही हे दिसतं.

खग्रास स्थितीच्या मिनिट-दीड मिनिट आधी पांढऱ्या चादरीकडे वळा. तिच्यावरून फिकट, थरथरत्या पट्ट्या सरकताना दिसू शकतात. हे छायापट्टे. सूर्याची रेघ इतकी अरुंद झालेली असते की वातावरणातल्या गरम-गार हवेच्या हालचाली तिच्या उजेडात उमटू लागतात, चांदणी लुकलुकते त्याच कारणानं. ते फार फिके असतात आणि प्रत्येक ग्रहणात दिसतीलच असं नाही. उभं राहून सरळ खाली पाहण्याऐवजी बसून तिरप्या नजरेनं बघितलं तर लवकर सापडतात. त्यांच्या मागे फार वेळ घालवू नका. याच मिनिटात दुसरीकडे त्याहून मोठी गोष्ट घडत असते.

प्रच्छाया येताना

सावली येणार त्या दिशेचं आकाश बघा. क्षितिजाजवळ निळसर-करडा, मग जवळजवळ शिसवी रंगाचा पट्टा उभा राहतो. मोठं वादळ चालून येतंय असं वाटतं, पण त्यात ढग नसतो, वारा नसतो, आवाज नसतो. तुम्हाला दिसते ती हवेवर पडलेली सावली. उंचावर असाल तर तिच्या पुढे सरकणाऱ्या काठाखाली दूरच्या टेकड्या एकामागोमाग विझताना दिसतात. ५० किलोमीटरचं अंतर सव्वा मिनिटात कापून ती तुमच्यापर्यंत येते. शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत उजेड जणू कोणी बटण फिरवावं तसा उतरतो. हा वेग डोळ्यांना जाणवतो, कारण पायऱ्या आता सेकंदासेकंदाला उतरत असतात.

याच क्षणी, चष्म्यातून, सूर्याची रेघ तुटून मण्यांसारखे ठिपके उरतात. चंद्राच्या कडेवरच्या दऱ्यांमधून झिरपणारा तो शेवटचा उजेड आहे. १८३६ साली फ्रान्सिस बेली यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांना बेलीचे मणी म्हणतात. एक मणी उरतो, तो विझतो, चष्म्यातून काहीच दिसेनासं होतं. आता तुम्ही प्रच्छायेत आहात. चष्मा काढायचा तो आत्ता, त्याआधी नाही.

प्रच्छायेच्या आत

सगळ्यांचे डोळे सूर्याच्या जागी असलेल्या काळ्या चकतीवर आणि तिच्याभोवतीच्या प्रभाकिरीटावर खिळतात, आणि खिळायलाच हवेत. पण त्यातले दहा सेकंद काढून एक गिरकी घ्या. प्रच्छाया म्हणून जे काही आहे ते तुमच्याभोवती दिसेल.

डोक्यावरचं आकाश खोल निळं असतं, रात्रीसारखं काळं नाही. तेजस्वी ग्रह दिसतात. खाली, क्षितिजालगत, चहूकडे पिवळी-नारिंगी कड असते. ही पहाट किंवा संध्याकाळ नव्हे. लक्झरच्या उदाहरणात मध्यरेषेवर उभ्या असलेल्या माणसापासून सावलीचा काठ सगळीकडे १२८ किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे तेवढ्या दूरची जमीन त्याला दिसत नाही, पण तिथली साधारण १.३ किलोमीटरच्या वरची हवा दिसते. त्या हवेवर अजून ऊन पडलेलं आहे. ते विखुरलेलं ऊन इतक्या दाट हवेतून तिरपं येताना त्यातला निळा भाग गळतो आणि तांबूस-पिवळा उरतो. म्हणजे तुम्ही सावलीच्या आत उभं राहून सावलीच्या बाहेरचा दिवस बघत असता.

यावरून एक ओळखही करता येते. कड सगळीकडे सारखी असेल तर तुम्ही वर्तुळाच्या मध्याजवळ आहात. एका बाजूला ती जास्त उजळ आणि जाड असेल तर त्या बाजूचा काठ जवळ आहे. मोठ्या प्रच्छायेत ही कड दूर गेल्यानं मंद पडते आणि एकूण अंधारही जास्त असतो. छोट्या, शंभरेक किलोमीटरच्या प्रच्छायेत ती इतकी उजळ असते की अंधार अपेक्षेपेक्षा कमी वाटतो. दोन खग्रास ग्रहणं पाहिलेल्या माणसांची अंधाराबद्दलची वर्णनं जुळत नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण.

खग्रास स्थिती संपत आल्याचंही हीच कड सांगते. सावली ज्या दिशेनं आली, त्या बाजूची कड आधी उजळते आणि वर चढू लागते. अंधार तुमच्या डोक्यावरून पलीकडच्या बाजूला झुकतो. काळ्या चकतीच्या एका कडेला बारीक गुलाबी रेघ दिसली की पुढच्या काही सेकंदांत ऊन येणार हे नक्की. चष्मा पुन्हा डोळ्यांवर घ्या. उघड्या डोळ्यांना इजा होण्याचा धोका इथे सर्वात मोठा असतो, कारण अंधारात बाहुल्या विस्फारलेल्या असतात आणि नजर तिथेच रोखलेली असते.

ढगाळ वातावरण असेल तर सूर्य दिसणार नाही, पण सावली दिसेल. ढगांच्या थरावर पडलेली प्रच्छाया पडद्यावर पडल्यासारखी उमटते, तिचा काठ निरभ्र आकाशापेक्षा अधिक स्पष्ट सरकताना दिसतो, आणि अंधारही जास्त होतो.

टोक पोचलं नाही तर, आणि चंद्रावर पडणारी सावली

कंकणाकृती ग्रहणात शंकूचं टोक जमिनीच्या वरच संपतं. मणी दीड मीटरवर नेल्यावर कागदावर जो फिकट डाग उरला होता, त्यात तुम्ही उभे असता. चंद्राभोवती सूर्याचं कडं उरतं आणि उजेड ९० टक्के गेला तरी दहा हजार लक्स शिल्लक असतात. प्रभाकिरीट नाही, अंधार नाही, क्षितिजावरची कड नाही. चष्मा एकदाही काढायचा नाही.

चंद्रग्रहणात भूमिका उलटतात. सावली पृथ्वीची, पडदा चंद्राचा, आणि आपण दोन्हींच्या बाहेरून बघतो. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीच्या प्रच्छायेचा व्यास सुमारे ९,२०० किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या अडीचपटीहून थोडा जास्त असतो. तिच्याभोवतीचा उपच्छायेचा पट्टा जवळपास एका चंद्राएवढा रुंद. चंद्र तो पट्टा साधारण तासाभरात ओलांडतो, आणि त्यातला पहिला अर्धा तास डोळ्यांना काहीही कळत नाही. चंद्रावर उभं राहून पाहिलं असतं तर या वेळी पृथ्वीनं सूर्याचा छोटासा तुकडाच झाकलेला दिसला असता. प्रच्छायेचा स्पर्श व्हायला वीसेक मिनिटं उरली की चंद्राची त्या बाजूची कड धुरकट, मळकट दिसू लागते. पंचांगात छायाकल्प म्हणून नोंदलेल्या ग्रहणात चंद्र प्रच्छायेत शिरतच नाही, तेव्हा हीच धुरकट कड शोधायची असते. तीसुद्धा चंद्र निम्म्याहून बराच जास्त आत गेला असेल तरच सापडते. चंद्राचा झगमगाट डोळे दिपवतो, म्हणून गडद काचेचा साधा उन्हाचा चष्मा लावून पाहा. चंद्रासाठी तो चालतो, आणि दोन कडांमधला फरक लवकर पकडता येतो.

प्रच्छायेचा काठ चंद्रावर सरकू लागला की तो गोल असल्याचं स्पष्ट दिसतं, पण सूर्यग्रहणातल्या काठासारखा तो तीक्ष्ण नसतो. पृथ्वीभोवतीच्या हवेनं तो पुसट केलेला असतो. त्याच हवेतून वाकून आलेला तांबडा उजेड आत पोचतो, म्हणून प्रच्छायेत बुडालेला चंद्र नाहीसा न होता तांब्यासारखा दिसतो. किती लाल किंवा किती काळसर, ते त्या दिवशी पृथ्वीच्या कडेकडेच्या हवेत ढग आणि धूळ किती आहे त्यावर ठरतं. मोठ्या ज्वालामुखीच्या उद्रेकानंतरच्या ग्रहणांत चंद्र जवळजवळ दिसेनासा झाल्याच्या नोंदी आहेत.